हँडवॉशच्या बाटलीऐवजी रिफिल पाऊच: एक महिना वापरून बघितला, अनुभव लिहितेय

गोदाकाठची (इंदिरानगर, नाशिक)

आमच्याकडे चार माणसं, मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. बेसिनवर २०० मिलीची पंपवाली बाटली असायची, ९९ रुपयांची, आणि ती जेमतेम बारा दिवस पुरायची म्हणजे महिन्याला अडीच बाटल्या. गेल्या महिन्यात ठरवलं की आता बाटली आणायची नाही, ७५० मिलीचा पाऊच आणायचा (मला ११५ रुपयांना मिळाला) आणि घरातल्याच रिकाम्या बाटलीत भरत राहायचं. रोजचं वहीत लिहून ठेवलं कारण मला खरंच बघायचं होतं की वाचतं किती.

पैशांचं आधी सांगते. अडीच बाटल्यांचे साधारण २५० व्हायचे, पाऊच ११५ ला आणि तो २९ दिवस गेला. निम्म्याहून जास्त वाचले. प्लास्टिकचं पण वजन केलं, किचनमधल्या छोट्या काट्यावर. रिकामी बाटली पंपासकट ३४ ग्रॅम, त्यातला नुसता पंपच १३ ग्रॅमचा. रिकामा पाऊच १७ ग्रॅम. म्हणजे महिन्याला ८५ ग्रॅमच्या जागी १७. हे आकडे बघून मी फार खूश होते.

पण दोन गोष्टी नीट झाल्या नाहीत आणि त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

पहिली म्हणजे वापर वाढला. आधी महिन्याला ५०० मिली लागायचं, यावेळी साधारण ६५० हातांवर गेलं आणि वर शंभरएक मिली फेकावं लागलं. फेकावं का लागलं ती दुसरी गोष्ट.

पहिल्या दिवशी मी जुनी बाटली तशीच घेतली, तळाशी थोडं जुनं हँडवॉश होतं त्यावरच नवीन ओतलं. नंतर बाटली पाव राहिली की परत ओतायचं, पूर्ण रिकामी कधी होऊच दिली नाही. आणि सासूबाईंना वर्षानुवर्षांची सवय, तळाशी आलं की थोडं नळाचं पाणी घालायचं आणि हलवायचं. मला माहीत होतं, मी काही बोलले नाही, कारण मी पण लहानपणापासून आईला शाम्पूच्या बाटलीत तेच करताना बघितलंय. एकोणिसाव्या दिवशी मुलगा म्हणाला आई हाताला वास येतोय. मी धुवून बघितले तर लिंबाच्या वासाच्या मागे एक कुबट वास, फडकं ओलंच राहिलं की येतो तसा. बाटली उजेडात धरली तर आधी काचेसारखं स्वच्छ दिसणारं आता गढूळ दिसत होतं. पंप उपसून बाहेर काढला तर आतल्या नळीच्या टोकाला बोटभर बुळबुळीत पांढरट थर, नखाने ओढला तर दोऱ्यासारखा निघाला. सगळं ओतून दिलं. पाऊचमधल्या उरलेल्याला मात्र काही वास नव्हता.

म्हणजे माल चांगला होता आणि बिघडला तो आमच्या बाटलीत. असं कुणाला झालंय का, आणि साबण कसा काय खराब होऊ शकतो हे मला कळत नाहीये.

---

पंचवटीकर

ताई पाऊचच जुना असेल, तारीख बघितली का? कारण साबणात जंतू राहूच शकत नाहीत, साबण जंतू मारतो म्हणून तर आपण हात धुतो. आणि पाण्याचं म्हणाल तर महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने उलट आतलं स्वच्छच राहील. आम्ही वीस वर्षं पाणी घालतोय, काही झालं नाही.

---

रोहिणी_के

अहो पण पाणी घालायचंच असतं ना त्यात?? मी आणते त्या छोट्या पाकिटावर स्पष्ट लिहिलंय की बाटलीत आधी २०० मिली पाणी घ्या आणि मग पाकीट ओता आणि हलवा. छान होतं माझं. तुम्ही कदाचित पाणी कमी घातलं असेल.

---

गोदाकाठची

@रोहिणी ते पावडरचं पाकीट असेल गं, माझं तयार हँडवॉशचं पाऊच आहे, घट्टच येतं.
@पंचवटीकर तारीख बघितली, अजून दीड वर्ष आहे. आणि पाऊचमधलं चांगलंच आहे हो, तेच तर म्हणतेय.

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

मी अकरा वर्षं अंबड एमआयडीसीत लिक्विड सोप, शाम्पू भरणाऱ्या प्लांटच्या क्यूसीत काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचं निदान बरोबर आहे, बाटलीतच बिघडलंय. दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. हँडवॉश जंतूंना मारतं त्यापेक्षा जास्त ते त्यांना हातावरून सोडवतं आणि पाणी त्यांना वाहून नेतं, मुख्य काम ते. बाटलीत वाहून कोण नेणार? स्यूडोमोनास नावाची एक जात आहे, ती ओलाव्यात कुठेही तग धरते, नळाच्या तोंडाशी, बेसिनच्या जाळीत, आणि साबणातल्या फेस आणणाऱ्या रसायनाला ती फारशी घाबरत नाही. तिला थांबवायला आम्ही प्रिझर्व्हेटिव्ह घालतो. तुमच्या पाऊचच्या मागे बारीक अक्षरात सोडियम बेन्झोएट किंवा फिनॉक्सीइथेनॉल असं काहीतरी असेल ते बघा.

आता हे प्रिझर्व्हेटिव्ह किती घालायचं ते पाऊचमधल्या मालाच्या हिशोबाने ठरलेलं असतं. प्लांटमध्ये आम्ही मुद्दाम मालात जंतू सोडायचो आणि २८ दिवस बघायचो की ते मरतात का, त्याला चॅलेंज टेस्ट म्हणतात. त्या टेस्टला जो माल पास होतो तो न पातळ केलेला. तुम्ही निम्मं पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्ह निम्मं झालं, आणि बेन्झोएटचं तर आणखी एक आहे, ते थोड्या आंबट मालातच काम करतं. पाणी घालून आंबटपणा गेला की त्याचा जोर निम्म्याहून खाली येतो. पाऊचमधलं चांगलं आणि बाटलीतलं खराब यामागे हेच.

क्लोरीनचं: नळाला येणाऱ्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास अपेक्षित असतं. तेवढं क्लोरीन साबणातल्या सुगंधाशी आणि रसायनांशी भेट झाली की तिथेच खर्च होतं, जंतूंपर्यंत काही उरत नाही.

आणि तुमचा वापर का वाढला तेही पाण्यातच आहे असं मला वाटतं. हँडवॉशचा दाटपणा बहुतेक वेळा मिठाने आणलेला असतो, साधं मीठ. किती मीठ घातलं की किती दाट होतं याचा आमच्याकडे तक्ता असायचा, आणि त्यात एका टप्प्यानंतर जास्त मीठ घातलं तरी माल उलट पातळ होतो. मिठाने दाट केलेला माल पाणी घातलं की हळूहळू पातळ होत नाही, एकदम पडतो. पाव भाग पाणी गेलं तरी पाण्यासारखा वाहायला लागतो. मग तो तळहातावर थांबत नाही, बोटांच्या फटीतून खाली जातो, आणि माणूस दुसऱ्यांदा पंप दाबतो. बघा बरं, शेवटच्या आठवड्यात घरातले दोनदा दाबत होते का?

---

गोदाकाठची

हो!! मुलगा तर दोनदा दाबतोच, मी त्याला ओरडले होते त्यावरून. आता वाईट वाटतंय. आज बसून मोजलं, औषधाच्या झाकणात दहा वेळा पंप दाबला तर १६ मिली आलं, म्हणजे एका दाबाला १.६. दिवसाला चार-पाच दाब जास्त झाले तरी महिन्याला दोनशे मिलीपर्यंत जातं, त्यातलं थोडं पाणी धरलं तर माझं दीडशे जास्त गेलं ते बरोबर बसतंय.

---

पंचवटीकर

क्लोरीनचं पटलं. पण मग आमच्याकडे वीस वर्षं का नाही झालं?

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

झालं नाही की कळलं नाही, हे सांगता येत नाही दादा. वास आणि थर ही शेवटची पायरी आहे, त्याआधी बरेच दिवस डोळ्याला आणि नाकाला काहीच कळत नाही. तुमची बाटली पाणी घातल्यावर दोन दिवसांत संपत असेल तर वाढायला वेळच मिळत नसेल, तेही शक्य आहे. ताईंकडे मात्र तळाचं ओलं कधी रिकामंच झालं नाही, दर वेळी जुन्यातलं थोडं नव्यात मिसळत गेलं. दह्याला विरजण लावतो तसंच झालं ते.

---

वॉर्डातली_सिस्टर

आमच्याकडे हॉस्पिटलमध्ये हा नियमच आहे की अर्धवट भरलेल्या डिस्पेन्सरमध्ये वरून साबण ओतायचा नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या २००२ च्या हात धुण्याच्या मार्गदर्शनात पण तेच लिहिलंय, ट्रेनिंगला आम्हाला दाखवलं होतं. आम्ही तर आतली पिशवी नोझलसकटच बदलतो, भरतच नाही.

घरी निरोगी माणसांना यातून लगेच काही होईल असं मी म्हणणार नाही, घाबरू नका. पण घरात केमो चालू असलेलं कुणी असेल, ऑपरेशनची ताजी जखम असेल, तान्हं बाळ असेल किंवा हाताला भेगा पडलेल्या असतील तर वास आलेलं हँडवॉश एक दिवसही ठेवू नका. तुमच्या सासूबाईंना शुगर आहे का? असेल तर हाताच्या भेगांकडे लक्ष ठेवा.

---

गोदाकाठची

शुगर आहे हो त्यांना. हात बघितले, ठीक आहेत. थँक्यू सिस्टर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

मेसवाली_ताई (कॉलेज रोड)

माझी मेस आहे, साठ मुलं जेवतात. मी ५ लिटरचा कॅन आणते आणि चार बाटल्या भरते. तुमचं वाचून आत्ता जाऊन चारही पंप उपसून बघितले. तीन बरे होते. एकाच्या नळीला तसाच थर, आणि आतली स्प्रिंग गंजलेली, तांबूस पाणी आलं. ती बाटली कोपऱ्यातली, तिथे मुलं कमी जातात, म्हणजे ती हळू संपते. वास अजिबात नव्हता. मी घाबरून बाटली उकळत्या पाण्याने धुवायला गेले तर बाटली आकसून वाकडीच झाली, पंप आता बसत नाही. कशी धुवायची मग?

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

पारदर्शक बाटली बहुतेक वेळा पीईटी नावाच्या प्लास्टिकची असते, ती सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडते, उकळतं पाणी तिला चालत नाही. हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या. मी घरी असं करतो: बाटली पूर्ण संपू देतो, गरम पाणी घालून हलवून दोन-तीनदा ओततो, मग त्याच पाण्यात पंप बुडवून वीसेक वेळा दाबतो म्हणजे आतल्या नळीतून आणि गोळीतून जुनं निघून जातं. पाणी स्वच्छ यायला लागलं की पंप मोकळ्या हवेत दाबत राहायचं, आतलं पाणी फुर्र करून संपेपर्यंत. मग बाटली पालथी, पंप वेगळा, आणि पूर्ण दिवस वाळू द्यायचं. धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं आहे, कारण हे जंतू कोरड्यात वाढत नाहीत. आता दिवसभर बेसिनवर काय ठेवणार, म्हणून दोन बाटल्या ठेवायच्या, एक वापरात आणि एक वाळत.

ज्या पंपाला थर आला किंवा स्प्रिंग गंजली तो मात्र धुवत बसू नका, टाकून द्या. स्प्रिंगच्या आत ब्रश पोचत नाही. नुसता पंप मेनरोडच्या बाजूला बाटल्या-डब्यांच्या दुकानात मिळतो, फक्त जुनी बाटली सोबत घेऊन जा, आटा जुळला नाही तर गळत राहील.

आणि मेसमध्ये जी बाटली हळू संपते ती अर्धीच भरा.

---

फोमवाला_निखिल

मी तर फोमचा पंप घेतलाय आणि त्यात हँडवॉश एक भाग पाणी चार भाग असं करतो, १०० मिली पंधरा दिवस पुरतं. फोमच्या बाटलीतलं लिक्विड पातळच असतं ना मुळात? मग ते कसं टिकतं?

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

पातळ असतं, पण ते पातळ म्हणूनच बनवलेलं असतं, प्रिझर्व्हेटिव्ह त्या पातळ मालाला पुरेल एवढं घातलेलं असतं. तुमच्या मिश्रणात ते एक पंचमांश उरलं. फोमने माल कमी लागतो हे खरं, कमी साबणात हात पण निघतात. करायचंच असेल तर उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि चार-पाच दिवसांत संपेल एवढंच बनवा, पंधरा दिवसांचं नको.

साध्या पंपातही कमी माल काढता येतो. पंपाच्या दांड्याला, डोकं आणि झाकणाच्या मधल्या जागेत, दोन-तीन रबरबँड गुंडाळा. पंप पूर्ण खाली जात नाही आणि निम्म्याच्या आसपास माल येतो. माल दाट असेल तर एवढा पुरतो.

---

देवळालीचे_आजोबा

आम्ही साबणाची वडी वापरतो, बोअरचं पाणी जड असल्याने फेस कमी येतो आणि बेसिनला पांढरा थर बसतो, तरी वडीच. वेष्टण कागदाचं. तुमचा पाऊच भंगारवाला घेतो का ते सांगा. माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे.

---

गोदाकाठची

नाही घेत आजोबा. आमच्या इथला भंगारवाला बाटली घेतो, पंप वेगळा करून मागतो, आणि पाऊच बघून म्हणाला हे चालत नाही. मी तो धुवून सुका करून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकला.

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

पाऊचमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या प्लास्टिकचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, कधी मध्ये धातूचा पातळ थर. बाहेरचा छपाई धरतो, आतला उष्णतेने चिकटतो. ते वेगळे करता येत नाहीत म्हणून भंगारात भाव नाही. असा माल बहुतेक जाळण्यासाठी जातो, सिमेंटच्या भट्टीत वगैरे, तेही गोळा झाला तर. बाटलीचं प्लास्टिक निदान परत वितळवलं जातं.

---

देवळालीचे_आजोबा

म्हणजे ८५ ग्रॅम जे परत वापरात येऊ शकतं ते सोडून १७ ग्रॅम जे येऊ शकत नाही ते घेतलं. मला हा फायदा वाटत नाही.

---

गोदाकाठची

पण ८५ पैकी पंपाचे ३२ ग्रॅम पण कुणी घेत नाही आजोबा, तो पण कचऱ्यातच जातो. १७ त्याच्या निम्मे झाले. मला अजूनही पाऊच बरा वाटतो.

---

देवळालीचे_आजोबा

पंपाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी वडीच्या कागदापुढे दोन्ही जास्तच. राहू दे, तुमचं तुम्हाला लखलाभ, माझं मला.

---

सिडकोची_आई

एक सांगू का, पाऊच कापल्यावर उरलेलं कुणी सरबताच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवत असेल तर नका ठेवू. माझ्या भाचीने लिंबू सरबत समजून घोट घेतला होता, हिरवट पिवळा रंग आणि लिंबाचा वास, चार वर्षांच्या मुलीला काय कळणार. दवाखान्यात न्यावं लागलं, सुदैवाने काही झालं नाही, पण उलटी करवू नका असं डॉक्टर आधी फोनवरच म्हणाले, फेस श्वासनलिकेत जातो म्हणून. तेव्हापासून मी पाऊच कोपरा दुमडून क्लिप लावून वरच्या कपाटात ठेवते.

---

रोहिणी_के

माझ्या पावडरच्या पाकिटाचं पण मग तसंच का? मी अर्धी बाटली राहिली की दुसरं पाकीट आणि वरून पाणी घालते.

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

पावडरमध्ये त्या २०० मिली पाण्याच्या हिशोबानेच सगळं घातलेलं असतं, त्यामुळे मापाने पाणी घातलं तर ठीक. पण अर्ध्या बाटलीवर दुसरं पाकीट नको, आधी संपू दे आणि धुवून वाळवून मग नवीन. आणि एका कंपनीच्या बाटलीत दुसऱ्या कंपनीचं मिसळू नका, विशेषतः अँटिसेप्टिक लिहिलेलं. काही अँटिसेप्टिक रसायनं साध्या हँडवॉशच्या फेसाशी जुळत नाहीत, दोघं एकमेकांना धरून बसतात, माल दुधाळ होतो आणि अँटिसेप्टिकचा गुण जातो.

---

गोदाकाठची

अपडेट देते. नवीन पाऊच आणला, तोच. पंप नवीन घेतला, बाटल्या दोन केल्या. भरल्याची तारीख आणि पाऊचवरचा बॅच नंबर कागदी टेपवर लिहून बाटलीला चिकटवला, कारण पाऊच फेकला की ती माहिती जाते. रबरबँड तीन लावले, दहा दाबांना ९ मिली आलं. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग तळाचं वाया घालवायचं का? तर आता असं ठरलंय की तळाशी आलं की बाटली उलटी करून रात्रभर ठेवायची, सकाळी झाकणाशी आलेलं वाटीत काढायचं आणि त्याच दिवशी त्यांनी त्यात पाणी घालून बेसिन घासून टाकायचं. त्यांना पटलं.

एक राहिलं, कापलेला पाऊच किती दिवस चांगला राहतो?

---

अंबडची_सेकंड_शिफ्ट

पाण्याचा थेंब आत गेला नाही आणि कोरड्या जागी क्लिप लावून ठेवला तर तुमचा महिना सहज निघेल. त्यापुढचं पाऊचगणिक वेगळं, मी आकडा देणार नाही. बेसिनच्या खालच्या कपाटात मात्र नको, तिथे पाइपाचा ओलावा असतो. आणि ओल्या हाताने कापू नका.

---

मेसवाली_ताई

रविवारी मेस बंद असते, तेव्हा चारही बाटल्या धुवून वाळत घालणार आहे. नळीच्या आत जायला ब्रश कुठला घेऊ?

---

सिडकोची_आई

मुलांच्या स्ट्रॉवाल्या वॉटरबॅगचा बारीक ब्रश मिळतो ताई, तारेचा. माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा.